खाटेखालच्या विटा

आषाढ नुकताच लागला होता. रावेरकडच्या एका गावातून बावीस वर्षांची एक मुलगी सासूबरोबर माझ्या दवाखान्यात आली. पहिलटकरीण. हातात दुसरीकडचा कागद, त्यावर लाल पेनने दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: पूर्ण बेड रेस्ट. त्याखाली एक दिवसाआड घ्यायची हार्मोनची इंजेक्शनं, दिवसातून तीनदा गोळी आणि गर्भाशय ‘सैल’ ठेवायची आणखी एक गोळी. बारा दिवस ती खाटेवर होती. खाटेच्या पायथ्याच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा लावलेल्या, म्हणजे डोकं खाली आणि पाय वर. लघवीलाही खाटेवरच भांडं. डाग मात्र थांबत नव्हता.

बारा दिवसांत सोनोग्राफी झाली नव्हती. कारण विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, “खाटवरथीन उठाडू नका सांगेल व्हतं, मंग मशीनवर कशी लई जाऊ?” त्यांच्या बाजूने पाहिलं तर बरोबरच होतं. उठायचंच नाही म्हटल्यावर तालुक्याला आणणार कशी?

खानदेशात मी वीसहून जास्त वर्षं बाळंतपणं करते आहे. हे विटांचं प्रकरण मी जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतल्या बायकांकडून ऐकलं आहे, आणि कबूल करायला हवं की सुरुवातीची काही वर्षं ‘बेड रेस्ट’ हे दोन शब्द मीही बिनदिक्कत लिहीत होते. आता लिहीत नाही. का लिहीत नाही, आणि त्याच कागदावरचं दुसरं औषध, म्हणजे प्रोजेस्टेरॉन, कुणाला लिहिते व कुणाला नाही, याबद्दल हा लेख आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या तीन महिन्यांत रक्तस्राव झाला तर खाटेवर झोपवण्याचा काडीचाही उपयोग नाही, उलट नुकसान आहे. प्रोजेस्टेरॉनचा उपयोग आहे, पण थोडा, आणि तो ठरावीक बायकांनाच. आपण मात्र दोन्ही गोष्टी सरसकट सगळ्यांना देतो.

त्या मुलीकडे परत येऊ. पाळी शेवटची कधी आली होती, असं विचारल्यावर बहुतेक बायका बोटं मोजतात. हिने लगेच सांगितलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आखाजीला माहेरी गेली होती, झोक्यावर बसायचं म्हणून नवी साडी नेसली आणि त्याच सकाळी पाळी आली, म्हणून लक्षात. पाळी दर महिन्याला वेळेवर यायची. आखाजीपासून त्या दिवशी ६३ दिवस भरत होते, म्हणजे बरोबर ९ आठवडे. योनिमार्गातून सोनोग्राफी केली. गर्भ पिशवीतच होता, त्याची लांबी ८ मिलिमीटर भरली. ठोके दिसत नव्हते. ९ आठवड्यांचा गर्भ सुमारे २३ मिलिमीटरचा असतो. ८ मिलिमीटर हे पावणेसात आठवड्यांच्या आसपासचं माप, म्हणजे पाळीपासून ४७व्या दिवसाच्या जवळपासचं.

गर्भ ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असून ठोके नसतील तर गर्भ थांबला आहे असं धरतात. तरी एकाच तपासणीवर निकाल द्यायचा नाही, असा शिरस्ता आहे. दुसऱ्या जाणकाराकडून बघून घ्यायचं, नाहीतर किमान ७ दिवसांनी परत बघायचं. मी ७ दिवसांनी बोलावलं. माप तेच होतं.

आता हिशोब बघा. डाग पहिल्यांदा दिसला तो ५१व्या दिवशी. त्याच संध्याकाळी खाटेखाली विटा गेल्या. चौथ्या दिवशी, म्हणजे ५४व्या दिवशी, घरात कुणी नसताना नळाला पाणी आलं म्हणून ती उठली आणि अर्धा हंडा भरून ओट्यावर ठेवला. गर्भाची वाढ थांबली होती ४७व्या दिवसाच्या सुमारास. माप दोन-चार दिवस इकडे-तिकडे होऊ शकतं हे धरलं तरी हंड्याच्या आधी सगळं संपलेलं होतं. बहुधा डाग दिसायच्याही आधी. बारा दिवस ती ज्याला सांभाळत झोपली होती, ते आधीच थांबलेलं होतं.

सासूबाईंनी मात्र दारातून आत येतानाच मला सांगितलं होतं: “तिनी हंडा उचला ना, तव्हयच व्हयनं हाई.” आणि ती मुलगी मान खाली घालून बसली होती.

मला बेड रेस्टचा राग येतो तो इथे. औषधाचा उपयोग नाही एवढंच असतं तर पाणी पिऊन गप्प बसले असते. पण ‘उठू नकोस’ या सल्ल्याच्या पोटात एक आरोप दडलेला असतो. न उठण्याने गर्भ वाचतो असं एकदा म्हटलं की तो गेला तर कोण उठलं होतं, हा शोध सुरू होतो, आणि तीन-चार आठवड्यांत प्रत्येक बाई कधी ना कधी उठलेलीच असते. हंडा उचललेला असतो, लेकराला कडेवर घेतलेलं असतं, मोटारसायकलवर मागे बसलेली असते. गुन्हेगार सापडतोच.

सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ जातो तो मुख्यतः कशाने? निम्म्याच्या आसपास, काही पाहण्यांत निम्म्याहून जास्त, गेलेल्या गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली आढळते. एखादं गुणसूत्र जास्त, एखादं कमी. ही चूक बीज तयार होताना किंवा ते फळताना होते. बाईला दिवस गेल्याचं कळण्याच्या कितीतरी आधी ती झालेली असते. वीटच काय, अख्खी भिंत खाटेखाली लावली तरी गुणसूत्र जागेवर येत नाही. आणि गर्भाशय म्हणजे खाली तोंड असलेली पिशवी नव्हे, की उभं राहिलं तर आतलं सांडेल. या दिवसांत गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा किंवा घेवड्याच्या बीएवढा असतो. तो आतल्या जाड अस्तरात रुतून बसलेला असतो आणि खालचं तोंड मिटलेलं असतं. धक्क्याने तो निसटत नाही. चोपडा-यावलच्या रस्त्यांवर एसटीने जाणाऱ्या किती गर्भारणींची सुखरूप बाळंतपणं होतात, ते आठवून बघा.

बेड रेस्टची तपासणी झालीच नाही असं नाही, पण फार थोडी झाली. जगभरच्या चाचण्या गोळा करून त्यांचा निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००५ मध्ये या प्रश्नावर आढावा घेतला. निकषात बसणाऱ्या चाचण्या निघाल्या दोन, आणि त्यांतल्या बायका मिळून ८४. इतक्याशा आकड्यावरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही. पण जे दिसलं त्यात झोपून राहिलेल्यांचे गर्भ जास्त वाचल्याची खूण नव्हती. शेकडो बायकांवर चाचणी करून बेड रेस्ट ‘हरला’ असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते की या सल्ल्यामागे पुरावा कधी नव्हताच, आणि तो का लागू पडावा याचं शरीरशास्त्रीय कारणही नाही. सक्तीने झोपून राहण्याचे तोटे मात्र माहीत आहेत. गर्भारपणात रक्त तसंही घट्ट व्हायच्या बाजूला झुकलेलं असतं, आणि पडून राहिल्याने पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो. स्नायू ढिले पडतात, शौचाला त्रास होतो, आणि दिवसभर छताकडे बघत प्रत्येक कळ मोजणाऱ्या बाईचं मन कुठे जातं हे वेगळं सांगायला नको.

मग इतक्या बायकांना, इतक्या डॉक्टरांना आराम ‘लागू पडला’ असं का वाटतं? कारण धोका आहे असं म्हटलेल्या बहुतेक गर्भारपणांना पुढे काहीच होत नाही. चार-पाच गर्भारणींमागे एकीला सुरुवातीच्या महिन्यांत थोडं तरी रक्त जातं. त्यातल्या ज्यांच्या सोनोग्राफीत ठोके दिसतात त्यांच्यापैकी बहुतेकींचं सुखरूप पार पडतं, झोपल्या तरी आणि केळीच्या बागेत गेल्या तरी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते तसंच हे. फरक एवढाच, की इथे फांदी न तुटण्याचं श्रेय कावळ्याला मिळतं.

बेड रेस्टच्या बाजूने एक मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो मला माझ्याच दवाखान्यातल्या नर्सने ऐकवला. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही लिहून नाही दिलं तर तिला घरात एक दिवस तरी कुणी बसू देईल का?” खरं आहे. निंदणीचे दिवस असताना सुनेला हक्काने पाठ टेकायला मिळते ती डॉक्टरच्या कागदामुळेच. मळमळतंय, गळून गेल्यासारखं होतंय, त्यात रक्त दिसल्याने जीव घाबरलाय, आणि सकाळी सातला शेतावर हजर व्हायचं. अशा बाईला आराम हवाच. पण तो तिला थकवा आहे म्हणून हवा, गर्भ टिकावा म्हणून नव्हे. आता मी कागदावर असं लिहिते: ‘आठ दिवस शेतकाम व जड ओझं नको, घरकाम झेपेल तेवढं, चालणं-फिरणं चालेल, गर्भाला त्याने धोका नाही.’ शेवटचं वाक्य सासूला मोठ्याने वाचून दाखवते. काम हलकं होतं आणि उद्या काही झालं तर हंड्यावर खापर फुटत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा हिशोब आणखी वेगळा. तिच्या महिनाभराच्या बेड रेस्टची किंमत म्हणजे महिनाभराची मजुरी, आणि ती कुणी भरून देत नाही. तो सल्ला पाळता येत नाही म्हणून ती पाळत नाही, आणि गर्भ गेला तर आयुष्यभर स्वतःला बोल लावत राहते.

आता प्रोजेस्टेरॉन. इथे गोष्ट बेड रेस्टइतकी सरळ नाही, म्हणून जरा सावकाश सांगते.

बीज बाहेर पडल्यावर बीजकोशात एक पिवळसर ग्रंथी तयार होते. पहिले ७ ते ९ आठवडे प्रोजेस्टेरॉन मुख्यतः ती पुरवते आणि मग हे काम वार हातात घेते. हा हार्मोन नसेल तर गर्भ टिकत नाही, हे पक्कं आहे. १९७०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत ७ आठवड्यांच्या आत ही ग्रंथी काढली की गर्भ पडत असे. त्यावरून सरळ विचार असा येतो, की रक्त जातंय म्हणजे हार्मोन कमी पडतंय, तर ते बाहेरून द्या. पण कमी प्रोजेस्टेरॉन हे पुष्कळदा कारण नसून परिणाम असतो. गर्भ आधी थांबतो, त्याच्याकडून ग्रंथीला मिळणारा इशारा थांबतो आणि मग पातळी उतरते. दिवा तेल संपल्याने विझला की वात जळल्याने, हे न बघता वरून तेल ओतत राहण्यासारखं ते होतं. त्यामुळे प्रोजेस्टेरॉन देऊन फायदा होतो का, याचं उत्तर तर्काने मिळत नाही. बायकांचे दोन गट करून, एकाला खरं औषध आणि एकाला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देऊनच ते बघावं लागतं.

तशी मोठी चाचणी ब्रिटनमधल्या ४८ रुग्णालयांत झाली, तिचं नाव ‘प्रिझम’. निकाल २०१९ मध्ये आला. पहिल्या तीन महिन्यांत रक्तस्राव झालेल्या, आणि गर्भ पिशवीतच असल्याचं सोनोग्राफीत दिसलेल्या ४१५३ बायका त्यात होत्या. निम्म्यांना नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनची ४०० मिलिग्रॅमची योनिमार्गात ठेवायची गोळी दिवसातून दोनदा, १६ आठवड्यांपर्यंत. उरलेल्या निम्म्यांना तशीच खोटी. ३४ आठवड्यांनंतर जिवंत बाळ हाती आलं ते औषधवाल्या गटात १०० पैकी ७५ जणींना, खोट्या गोळीवाल्या गटात ७२ जणींना. हा फरक इतका लहान की तो योगायोगानेही पडू शकतो, म्हणून ‘रक्त जाणाऱ्या सगळ्यांना द्या’ असं म्हणायला आधार मिळाला नाही. खोट्या गोळीवरही चारातल्या जवळजवळ तिघींचं बाळ सुखरूप जन्मलं, हे मात्र विसरू नका. वरच्या कावळ्याची गोष्ट ती हीच.

पण चाचणी करणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, की यापूर्वी किती गर्भ गेले त्याप्रमाणे वेगळं मोजायचं. तिथे चित्र बदललं. ज्यांचा पूर्वी एकही गर्भ गेला नव्हता, त्यांच्यात औषध घेतलेल्या ७४ आणि न घेतलेल्या ७५, म्हणजे काहीच फरक नाही. पूर्वी एक किंवा दोन गेलेल्यांत औषध घेतलेल्या ७६ आणि न घेतलेल्या ७२. तीन किंवा अधिक गेलेल्यांत ७२ आणि ५७. पायरीपायरीने वाढणारा हा फायदा बघून ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये शिफारस बदलली. आता रक्तस्राव होतो आहे, गर्भ पिशवीतच आहे आणि पूर्वी किमान एक गर्भ गेलेला आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर ही गोळी द्यायची, आणि ठोके दिसले तर १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवायची.

गट पाडून काढलेला निकाल हा मूळ निकालाइतका भक्कम नसतो, हे मला मान्य आहे. शेतातल्या एका कोपऱ्यातला कापूस चांगला आला म्हणून तिथलं खत चांगलं, असं म्हणण्यासारखं ते होऊ शकतं. तरी मी ही शिफारस पाळते, कारण फायदा पूर्वीच्या गर्भपातांच्या संख्येबरोबर वाढत जातो, आणि औषध घेतलेल्यांच्या बाळांत जन्मजात दोष जास्त आढळले नाहीत.

मात्र पुरावा कशाचा आहे ते नीट बघायला हवं. तो नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनचा आहे, योनिमार्गातून, या मात्रेत. आपल्याकडे चिठ्ठीवर जास्त दिसते ती डायड्रोजेस्टेरॉनची तोंडाने घ्यायची गोळी. रेणू जवळचा, पण तो नव्हे. तिच्यावरच्या जुन्या, लहान चाचण्यांत फायदा दिसायचा. पण हाँगकाँगमध्ये ४०६ बायकांवर नीट आंधळी चाचणी झाली, म्हणजे कुणाला काय दिलं हे ना बाईला माहीत ना डॉक्टरला. तिचा निकाल २०२१ मध्ये आला, त्यात गर्भ गेले ते गोळीवाल्यांत १०० पैकी सुमारे १३ आणि खोट्या गोळीवाल्यांत सुमारे १४. त्या मुलीच्या कागदावरची गर्भाशय ‘सैल’ ठेवायची गोळी तर सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ वाचवते याला धड पुरावाच नाही. ती सवयीने लिहिली जाते.

सवयीने का लिहिली जाते, तेही सांगते, कारण दोष फक्त दुसऱ्यांच्या माथी मारून चालणार नाही. समोर रडणारी मुलगी, मागे नवरा, सासू, दीर. ‘काही देऊ नका, आठ दिवसांनी परत दाखवा’ असं म्हणायला जितका वेळ आणि जितकं धाडस लागतं, त्याच्या दहाव्या हिश्श्यात पाच औषधं लिहून होतात. आणि न लिहिता गर्भ गेला तर गावभर होतं की डॉक्टरीणबाईंनी काहीच केलं नाही. लिहून गेला तर नशीब. ती चिठ्ठी बऱ्याचदा बाईच्या गर्भासाठी नसते, डॉक्टरच्या झोपेसाठी असते.

‘दिलं तर बिघडतं काय?’ असं मला तरुण डॉक्टर विचारतात, तेव्हा मी त्यांना डीईएसची गोष्ट सांगते. हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९४०च्या दशकापासून अमेरिकेत गर्भ टिकवण्यासाठी सर्रास देत. १९५३ मध्ये शिकागोच्या चाचणीत दिसलं की त्याने गर्भ टिकत नाही. तरीही ते वर्षानुवर्षं लिहिलं जात राहिलं, कारण बिघडतं काय? १९७१ मध्ये कळलं की ज्या आयांनी ते घेतलं त्यांच्या मुलींना वयात येताना योनीचा एक दुर्मीळ कर्करोग होतो आहे. प्रोजेस्टेरॉन हे डीईएस नव्हे, ते शरीरातलंच आहे, आणि मी कुणाला घाबरवत नाही. पण गर्भातल्या बाळापर्यंत पोचणारं औषध ‘असू द्या’ म्हणून देऊ नये, एवढं त्या मुलींनी शिकवलं.

खर्चही आहेच. सातव्या आठवड्याला सुरू करून सोळाव्यापर्यंत नेलं तर ६३ दिवस, दिवसाला २, म्हणजे १२६ गोळ्या. दुकानात एका गोळीची किंमत विचारा आणि १२६ने गुणा. पहिलटकरणीला, जिचा फायदा शून्य आहे, तिला तो खर्च करायला लावणं मला पटत नाही.

या सगळ्या औषधांच्या आणि विटांच्या गर्दीत जी एक गोष्ट खरोखर तातडीची असते ती मागे पडते: सोनोग्राफी. गर्भ पिशवीत आहे का नळीत, हे आधी कळायला हवं. माझ्याकडे आलेली एक बाई, सातपुड्याच्या पायथ्याची, नऊ दिवस उलट्या उतारावरच्या खाटेवर होती, रोज इंजेक्शन चालू. दहाव्या दिवशी चक्कर येऊन पडली, ओठ पांढरे. गर्भ नळीत होता, नळी फुटली होती, पोटात दीड लिटर रक्त. वाचली, पण थोडक्यात. तिला बेड रेस्टने मारलं नव्हतं, पण बेड रेस्टने दवाखान्यापासून नऊ दिवस लांब मात्र ठेवलं होतं. म्हणून पाळी चुकलेली बाई रक्त जातंय म्हणाली, की झोपवू नका, घेऊन या. एका बाजूला पोटात दुखतंय, खांद्यात कळ येते, चक्कर येते, किंवा तासाला एक पॅड भिजतंय, तर रात्रीच आणा. नाहीतर दुसऱ्या दिवशी चालतं. धडगाव-मोलगीकडून नंदुरबारला येणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तरी खाटेखालच्या विटांपेक्षा गाडीभाड्याचे पैसे कधीही बरे.

ती रावेरकडची मुलगी पुढच्या वर्षी परत आली. पाळी श्रावणात कानबाईच्या सणाच्या सुमाराला आलेली, आता सात आठवडे झालेले, आणि पुन्हा डाग. कापसाची वेचणी नुकतीच सुरू झाली होती. या वेळी डाग दिसल्यावर दुसऱ्याच दिवशी आली, मोटारसायकलवर नवऱ्यामागे बसून. सोनोग्राफीत गर्भ १० मिलिमीटर, तारखेशी जुळणारा, आणि ठोके टिपटिप चाललेले. पडद्यावर दाखवले तेव्हा तिने श्वास रोखून धरला होता.

गेल्या वर्षी हीच मुलगी ठोके दिसत असताना आली असती, तर मी तिला प्रोजेस्टेरॉन दिलं नसतं. या वर्षी दिलं. बदललं एवढंच होतं, की तिचा एक गर्भ गेलेला होता. ४०० मिलिग्रॅम, सकाळी एक, रात्री झोपताना एक, सोळावा आठवडा पुरा होईपर्यंत. डाग वाढला किंवा १४ दिवसांत थांबला नाही तर परत यायचं. खाटेवर झोपायचं नाही. वेचणीला जायचं की नाही हे अंगात किती त्राण आहे त्यावर, ओटीत ओझं मात्र नको. सासूबाईंना वाटलं मी विसरले. त्यांनी दोनदा विचारलं, आणि आराम? मी कागदावरचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं.

डाग पाच दिवसांनी थांबला. मुलगी झाली ती आखाजी उलटल्यावर, वैशाखाच्या उन्हात, नऊ महिने भरून.

नवरा म्हणतो गोळ्यांनी झालं. सासूबाई म्हणतात, “कानबाई पावनी.” मला विचाराल तर मला माहीत नाही. तिच्यासारख्या शंभर जणींतल्या बहात्तर जणींचं गोळ्या न घेताही निभावलं असतं, चार जणींचं गोळ्यांमुळे निभावतं, आणि चोवीस जणींचं गोळ्या घेऊनही निभावत नाही. ती बहात्तरातली की चारातली, हे तिच्याकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही.

लस टोचायला आल्या तेव्हा मी सासूबाईंना सहज विचारलं, त्या चार विटांचं काय केलं? न्हाणीत धुण्याचा दगड हलत होता, त्याच्याखाली सरकवल्या, म्हणाल्या.